पेटीच्या मापाचं दार

आमच्या आप्पांना पाहुणचाराचा भारी सोस. माझे वडील म्हणून सांगत नाही, पण दारात कुत्रं आलं तरी त्याला "बसा की" म्हणतील. मग कोल्हापूरच्या आमच्या फौंड्रीत पहिला कंटेनर येणार म्हटल्यावर त्यांनी काय करावं? गेटवर कमान बांधली. सिमेंटची, पक्की. दोन्ही बाजूंना हत्ती आणि वर 'सुस्वागतम'.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. मी बी.कॉम. होऊन आप्पांच्याच ऑफिसात परदेशी पत्रव्यवहार बघत होते. आम्ही पंपांचे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, भाग बनवून जर्मनीला पाठवायचो. पाठवायचो म्हणजे काय, सगळा देवावर हवाला! लाकडी खोकी ट्रकनं मुंबईच्या जुन्या गोदीत जायची, शेडमध्ये पडून राहायची, मग हुकानं ओढून, जाळ्यात घालून जहाजात उतरवायची. पोचेपर्यंत काहीतरी फुटलेलंच असायचं. गिऱ्हाईक वैतागलं. आमचा मुंबईचा एजंट म्हणाला, कारखाना पनवेलकडं हलवा, बंदराजवळ. आप्पांनी तिकडं जागाही बघून ठेवली.

आई माळ्यावरची तांब्याची भांडी एकेक करून पोत्यात बांधायला लागली. मला तर ते बघवत नव्हतं.

मग गिऱ्हाइकानंच शेवटची संधी दिली. रिकामी लोखंडी पेटी, म्हणजे कंटेनर, न्हावा शेवाच्या नव्या बंदरातून आमच्या दारात येणार, आम्ही ती भरायची, एक्साइजचा साहेब जागेवरच सील ठोकणार, आणि ती उघडणार थेट जर्मनीत. हे जमलं तर कोल्हापूर, नाही तर पनवेल.

मी आप्पांना नकाशा दाखवला. न्हावा शेवाहून लहान जहाज कोलंबोला, तिथं पेटी मोठ्या जहाजावर, मग सुएझमधून वर.

"जर्मनीला जायला लंकेत कशाला कडमडायचं?"

"मोठं जहाज दर बंदराला थांबत नाही, आप्पा. सगळीकडच्या पेट्या त्याच्याकडं गोळा करून न्यायच्या."

"म्हंजे स्टँडवर एस्टी बदलायची, असं म्हण की!"

ठरल्या सकाळी ट्रेलर आला. आप्पा नारळ घेऊन उभे, आई आरतीचं ताट घेऊन. ट्रेलर कमानीपाशी आला आणि ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला. सांगलीकडचा गडी. खाली उतरला, वर बघितलं, हत्तींकडं बघितलं, आणि म्हणाला, "पावणं, पेटी आत जात न्हाय."

कमान वीतभर बुटकी होती! आप्पांनी माप घेतलं होतं ते उसानं भरलेल्या ट्रॉलीचं. त्याहून उंच काय असणार, म्हणे. टायरमधली हवा कमी केली. पेटी चार बोटं खाली आली, तरी अडलीच. रस्त्यावर भरावं तर माल ढकलायला बांधलेला चौथरा आत. बंदराचं गेट ठरल्या वेळी बंद, जहाज कुणासाठी थांबणार नाही.

"दुसरी बुटकी पेटी न्हाय का?" आप्पांनी विचारलं.

ड्रायव्हर हसला. "सगळ्या जगात हेच माप हाय, मालक. ह्या पेटीपायी बंदर मुंबईतनं उठून खाडीपल्याड गेलं. नुसतं मोकळं मैदान आन् ह्या उंच क्रेना. आन् तुमची कमान अडून बसलीया."

आप्पांचा चेहरा उतरला. "नवी कमान पाडायची म्हंजे अशुभ."

आईनं ताट खाली ठेवलं. "आन् घर मोडायचं शुभ हाय व्हय?"

आप्पा आत गेले आणि घण घेऊन आले. पहिला घाव त्यांनीच घातला. मग सगळे तुटून पडले; हत्तींसकट कमान भुईसपाट.

पेटी आत आली. बीड जड, त्यामुळं माल गुडघ्याएवढा भरला आणि वजनाची मर्यादा संपली. वरची मोकळी जागा बघून आप्पा कळवळले. "अशी ट्रॉली पाठवली तर गाव थुंकंल की!" चार ढेपा गूळ तरी टाकू, म्हणाले. एक्साइजच्या साहेबांनी हसत हसत सील ठोकलं.

पुढं माल धड पोचला, एक तुकडा फुटला नाही, पेट्या वाढत गेल्या. कमान काही परत झाली नाही.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी आम्ही घरी आलो तर स्वयंपाकघरात फळीवर तांब्याची भांडी ओळीनं मांडलेली. चिंच लावून घासलेली, लखलखीत. पोतं घडी घालून पायपुसणं केलेलं.

"अगं, जहाज अजून निघालं न्हाय," आप्पा म्हणाले. "माल फुटला तर पनवेलला जावं लागंल."

आई भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "तुमी कमान पाडलीसा. आता कुठं जाताय?"