तळच्या ओळीतली कोको कसोटी

शाळेत सगळे त्यांना 'म्हणूनसर' म्हणत. फळ्यावर तीन ठिपके काढून ते "म्हणून!" असं ठणकावून सांगायचे, की शेजारच्या वर्गातली पेंगणारी मुलंही दचकून सरळ बसायची. एकतीस वर्षं त्यांनी भूमितीच शिकवली. शर्टाच्या खिशात खडूचा तुकडा कायम असायचा, आणि धुवायला टाकताना तो काढायचं कायम राहून जायचं. बायको त्यावरून बोलायची. तेवढी एक गोष्ट सोडली, तर आपण माणूस म्हणून काटेकोर आहोत असा त्यांचा समज होता.

या समजाचा पुरावा म्हणजे त्यांचा नकाशा. बोर्डाच्या परीक्षेला येणारी सगळी प्रमेयं एका मोठ्या कागदावर चौकटीत मांडलेली. जे आधाराला घ्यायचं ते खाली, जे त्यावर उभं राहतं ते वर, आणि खालून वर जाणारे बाण. कोनदुभाजकाच्या प्रमेयापाशी बोट ठेवा, बाण धरून खाली या, तुम्ही प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयावर पोचता. पायथागोरसवरून खाली या, समरूप त्रिकोण लागतात. पायथागोरसच्या व्यत्यासाखाली पायथागोरस स्वतः आणि शेजारी एकरूपतेची बाबाबा, म्हणजे तीन बाजूंची, कसोटी. "घर बांधताना आधी माळा बांधतात का?" असं सर विचारायचे, मुलं "नाही" म्हणायची, आणि नकाशा पाठ करायची. आसपासच्या चार शाळांतले शिक्षकही त्याच्या प्रती मागून नेत. सर वरवर "छे हो, त्यात काय एवढं" म्हणायचे आणि प्रत आधीच घडी घालून तयार ठेवलेली असायची.

प्रती काढून द्यायची त्यांची भाची. बसथांब्यासमोर तिचं झेरॉक्सचं दुकान होतं. दरवर्षी दोनशे प्रती, दहा वर्षं. काचेवर कागद पालथा ठेवताना ती कधी काही बोलली नाही.

या वर्षी सरांना पहिल्यांदाच बोर्डाकडून नियामक म्हणून बोलावणं आलं. म्हणजे इतरांनी तपासलेल्या उत्तरपत्रिका पुन्हा पाहायच्या. नवा शर्ट घालून ते गेले. एका लांबट हॉलमध्ये बाकांवर गठ्ठे मांडलेले होते. मुख्य नियामक बाईंनी गुणदानाची पद्धत वाचायला घेतली. प्रश्न होता प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयाचा: त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर रेषा उरलेल्या दोन बाजूंना एकाच प्रमाणात विभागते, हे सिद्ध करा. तीन गुण.

"काही मुलं समरूपता वापरून तीन ओळींत सिद्ध करतील," बाई म्हणाल्या. "संगत कोन समान, म्हणून कोको कसोटीने दोन त्रिकोण समरूप, म्हणून बाजू प्रमाणात. त्यांना शून्य. कारण दोन कोन समान असले की त्रिकोण समरूप, ही कोको कसोटीच मुळात या प्रमेयावरून सिद्ध होते. इथे क्षेत्रफळांनीच जायला हवं."

सरांच्या हातातलं पेन थांबलं. कारण ती तीन ओळींची सिद्धता त्यांची होती. पुस्तकातली क्षेत्रफळांची सिद्धता त्यांना लांबण वाटायची, म्हणून ते मुलांना हा जवळचा रस्ता द्यायचे. आणि कोको कसोटी? ती त्यांच्या नकाशात सगळ्यात खालच्या ओळीत होती, गृहीतकांच्या शेजारी. तिच्याखाली एकही बाण नव्हता. तिची सिद्धता परीक्षेत विचारत नाहीत, म्हणून तिला सिद्धताच नाही असं त्यांनी एकतीस वर्षांपूर्वी ठरवून टाकलं होतं आणि मग स्वतःच ते खरं मानलं होतं.

त्यांनी कोऱ्या कागदावर हळूच दोन चौकटी काढल्या. कोकोकडून प्रमेयाकडे एक बाण, प्रमेयाकडून कोकोकडे दुसरा. बाण धरून फिरलं की गडी पुन्हा निघाला तिथेच. शेजारी बसलेल्या शिक्षकाला दिसू नये म्हणून त्यांनी कागद चुरगळून खिशात कोंबला, खडूच्या तुकड्याशेजारी.

दुपारपर्यंत त्यांनी अशा सात उत्तरांवर शून्य कायम केलं. पण त्या सात अनोळखी मुलांपेक्षा डोळ्यासमोर एकच पोरगी येत होती.

अकरा वर्षांपूर्वी भाची त्यांच्याच वर्गात होती. नकाशासमोर उभी राहून तिने विचारलं होतं, "मामा, ही कोको कुठून आली? हिच्याखाली काहीच कसं नाही?" अख्ख्या वर्गासमोर ते म्हणाले होते, "परीक्षेत येत नाही ते विचारायचं नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा." वर्ग हसला होता. त्या वर्षी बोर्डात हेच प्रमेय आलं. तिने मामांची सिद्धता लिहिली, तीन गुण गेले आणि डिप्लोमाचा प्रवेश दोन गुणांनी हुकला. नकाशे काढायचं शिक्षण घ्यायचं होतं तिला, घरांचे नकाशे. तेव्हा सगळ्या नातेवाइकांसमोर सर म्हणाले होते, "मी शिकवलेलं चुकणार नाही. हिचाच हलगर्जीपणा." उत्तरपत्रिका मागवून पाहावी, असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं.

संध्याकाळी ते दुकानावर गेले. गल्ल्याशेजारी स्टुलावर त्यांची बहीण प्रती टाचत बसली होती. दोन गिऱ्हाइकं उभी होती.

"या मामा. नकाशाच्या प्रती ना?" भाचीने हात पुढे केला.

"नाही. तो नकाशा चुकीचा आहे." सरांनी खिशातून चुरगळलेला कागद काढला, त्याबरोबर खडूही खाली पडला. तो उचलायला वाकलेले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. मग उभं राहून त्यांनी सगळं सांगितलं. हॉल, बाई, शून्य, दोन बाण. "तुझे तीन मार्क माझ्यामुळे गेले. तू विचारलं होतंस आणि मी तुझं हसं केलं. मला लाज वाटते गं."

भाचीने कागद सरळ केला. दोन बाणांवरून तिचं बोट एकदा फिरलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "निकालानंतर आठवड्याभरात मी पुस्तकात कोकोची सिद्धता शोधून काढली. मोठ्या त्रिकोणात लहान त्रिकोणाएवढा तुकडा कापायचा, समांतर रेषा मिळते, आणि मग हेच प्रमेय वापरायचं."

"अगं, मग बोलली का नाहीस?" तिची आई टाचणीयंत्र हातात धरून विचारत होती. "अकरा वर्षं मी लोकांना सांगत आले, पोरगी हुशार आहे पण हलगर्जी."

"बोलले होते ना. पुस्तक घेऊन तुझ्याकडेच आले होते. तू म्हणालीस, मामाला भूमिती शिकवतेस का?"

बहिणीने भावाकडे पाहिलं आणि भावाने जमिनीकडे. गिऱ्हाइकांपैकी एकाने उगाच घड्याळात बघितलं.

"मग दरवर्षी प्रती का काढून दिल्यास?" सरांनी विचारलं.

"वाटायचं, या वर्षी तरी तुम्ही मला विचाराल, यात काही चूक दिसते का म्हणून." तिने टेबलावर एक कोरा मोठा कागद पसरला आणि पट्टी त्यांच्याकडे न देता स्वतःच्याच हातात ठेवली. "बघा. क्षेत्रफळं तळच्या ओळीत घेते. कोको वर चढवायची."

सर स्टूल ओढून बसले आणि ती सांगेल तसं कागदाचं टोक धरून राहिले.