मालकांचा चिघळलेला अंगठा

शी! सांगताना सुदिक मळमळतंय. आमचे मालक, म्हंजी माझा नवरा बब्रुवान, ईट गावामधी खव्याची भट्टी चालवत्यात. हाताला गुण असा, की भूमचे पेढेवाले आमचाच खवा नेत्यात. पण स्वच्छता नुसती जिभंवर. भट्टीत कुणी चप्पल घालून आलं तर अंगावर धावून जात्यात, अन् स्वतः तंबाखू मळलेला हात धोतराला पुसून उलथनं धरत्यात.

चार दिवसांमागं गोठ्याच्या पत्र्यानं उजवा अंगठा कापला. जरासाच. म्या म्हणलं, "आधी नळाखाली धरा, साबणानं धुवा."

"पाणी लागलं की जखम पू धरती. तुला काय कळतंय?"

असं म्हणून तोंडातली तंबाखू काढली अन् थुकीसकट जखमंत दाबली! वर कढई पुसायचं फडकं बांधलं. धनुर्वाताची सुई घ्या म्हणलं तर हसले. "ती बायांची असती, बाळंतपणातली."

दोन-तीन दिवसांत अंगठा टम्म सुजला. लाल, गरम, ठणकणारा, अन् वास असा की शेजारी बसवंना. ह्यांचं आपलं एकच, "घाण भाईर पडतीया, बरंच हाय." आज सकाळी तर अंगात ताप, तरी कढईवर खवा आटवत बसलेले. म्या त्यांची बाही वर सारली, तर मनगटापासून कोपराकडं लाल रेघ चढलेली. ह्यो अंगठा गेला तर उलथनं धरायचं कशानं? जाळ विझवला अन् ओढतच सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली. पिवळ्या पुवातनं तंबाखूचे तुकडे निघाले, बाई बाई! टाके घातले न्हाईत, घाण आत कोंडती म्हणल्या. न चिकटणारी जाळी, वर कोरडं गॉज. भिजलं, मळलं की बदलायचं. आधी लस घेतल्याचं मालकांना आठवत नव्हतं, म्हणून धनुर्वाताच्या दोन येगळ्या सुया दिल्या, एक लशीची, एक लगीच बचाव करणारी, अन् लशीचे पुढचे डोसही सांगितले. वर पुवासाठी गोळ्या.

"अंगठा वाचंल," बाई म्हणल्या, "पण उशीर केला असता तर जिवावर बेतलं असतं. यावर बांधलेलं फडकं कुठंय?"

मालक खाली बघाया लागले. "सकाळी सुटलं. कढईत."

घरी आलो. कढईत आटलेला खवा, वास घमघमीत. दुपारी पेढेवाला येणार.

"फडकं तवाच काढून टाकलंय," मालक म्हणले. "आगीत समदं मरतं."

म्या चमचाभर खवा घेऊन त्यांच्या तोंडापुढं धरला. "मग खावा."

तोंड उघडलं. चमच्याकडं बघितलं, मग पट्टीतल्या अंगठ्याकडं. तोंड मिटलं.

डाव्या हातानं कढईची कडी धरली त्यांनी.

"दुसरी कडी तू धर," म्हणले, अन् आमी उकिरड्याकडं निघालो.