माझ्या तापाचा कागद

पहिल्या केमोच्या दिवशी दवाखान्याच्या डे-केअरमधल्या सिस्टरने तो कागद माझ्या नवऱ्याच्या हातात दिला. मी समोरच होते. हाताला सुई, वर टांगलेली लाल औषधाची पिशवी, आणि काचेच्या दारापलीकडे काउंटरपाशी ती दोघं. सिस्टर कागदावर पेनाने एकेका ओळीवर खूण करत होती आणि हे मान डोलावत होते. ऐकू काहीच येत नव्हतं.

"काय म्हणाली?" मी नंतर विचारलं.

"काही नाही गं. नेहमीचंच. पथ्यपाणी." कागदाची घडी फाइलमध्ये गेली आणि फाइल कपाटाच्या वरच्या कप्प्यात.

मी पंचवटीतल्या शाळेत जन्मभर पहिली-दुसरीच्या मुलांना वाचायला शिकवलं. माझ्याच आजाराबद्दल लिहिलेला कागद मला वाचायला द्यावा, असं कुणालाही वाटलं नाही.

घरी आल्यावर उलट्या सुरू झाल्या. पोटात पाणी ठरेना. उलटीच्या गोळ्या यांच्याजवळ होत्या, पण हे उलटी झाली की मग गोळी द्यायचे आणि ती गोळीही पुढच्या उलटीबरोबर बाहेर पडायची. मळमळ असो वा नसो, त्या ठरल्या वेळेला घ्यायच्या असतात, हे मला कुठून माहीत असणार? फोडणीचा वास नाकात गेला तरी आतडी पिळवटायची. तरी हे दोन्ही वेळा ताट वाढून समोर ठेवत. "खाल्लं नाहीस तर ताकद कशी येणार?" थोडं थोडं, गार, कोरडं काहीतरी खा, असं कुणी म्हणालं असतं तर मी खाल्लं असतं.

उलट्या थांबल्या आणि मनमाडहून माझी थोरली नणंद मदतीला आली. प्रेमानेच आली, हे मी नाकारत नाही. तोवर माझं तोंड सोललं होतं. जिभेच्या कडेला आणि गालाच्या आत पांढरे फोड आले होते. वरणभाताचा घास म्हणजे निखारा. वन्सं म्हणाल्या, "उष्णता आहे." दुकानातून त्यांनी झणझणीत माउथवॉश आणवला आणि गुळण्या करायला लावल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होत्या, "झोंबलं म्हणजे काम करतंय."

त्यानंतर एका दुपारी अंग तापलं. मी थर्मामीटर मागितला. शंभराच्या वर एक भरलं.

"दवाखान्यात फोन करू या का?" मी म्हटलं.

"केमोने अंग गरम होतंच. आमच्या शेजारणीलाही व्हायचं," वन्सं म्हणाल्या. त्यांनी तापाची गोळी दिली. हे दारात उभे होते. एकदा माझ्याकडे, एकदा बहिणीकडे पाहिलं आणि गप्प राहिले. एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनमध्ये यांनी सगळी नोकरी काढली. तिथे एखादा काटा लाल पट्ट्यात गेला तर हे जेवण टाकून धावायचे.

घाम आला, ताप उतरला, आणि घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. दिवेलागणीला मात्र मला थंडी वाजू लागली. दातावर दात आपटत होते, पलंग हलत होता. वन्संनी दोन रजया घातल्या. "सकाळी बघू," त्या म्हणाल्या.

"फाइल द्या मला," मी यांना म्हटलं.

"कशाला आता? पडून राहा."

"अहो, फाइल द्या!"

मला फक्त दवाखान्याचा नंबर हवा होता. वरच तो कागद निघाला. स्वच्छ मराठीत, मोठ्या अक्षरांत. ताप १००.४ किंवा त्याहून जास्त असेल, किंवा थंडी वाजत असेल, तर वाट पाहू नका, लगेच फोन करा, दिवस असो की रात्र. आम्हाला विचारल्याशिवाय तापाची गोळी घेऊ नका, तिने ताप झाकला जातो. या ओळींखाली सिस्टरने दोनदा रेघ मारली होती. खाली तोंडाचं होतं: मऊ ब्रश, कोमट पाण्यात मीठ आणि खायचा सोडा घालून दिवसातून बरेचदा चुळा, झोंबणारा माउथवॉश नको. मळमळीचंही होतं. माझे सगळे हाल तिथे ओळीने छापलेले होते, आणि प्रत्येकापुढे काय करायचं तेही.

इतका राग मला आयुष्यात आला नव्हता. फोन मीच लावला. पलीकडच्या सिस्टरने विचारलं, ताप किती, केमो कधी झाली, धाप लागते का, कुठली गोळी घेतली. मग म्हणाली, "ताई, लगेच निघा. सरळ कॅज्युअल्टीला या. आल्याआल्या सांगा, केमो चालू आहे आणि ताप आहे. रांगेत बसू नका."

रिक्षा नदीच्या पुलावर गर्दीत अडकली. हे माझा हात धरायला गेले. मी हात ओढून घेतला.

कॅज्युअल्टीच्या काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "केस पेपर काढा, मग बसा तिकडे."

"मी बसणार नाही," मी ओरडले. तोंडातले फोड फाटले, रक्ताची चव आली. "केमो चालू आहे. ताप आहे. डॉक्टरांना बोलवा!"

बोलावलं. रक्त घेतलं आणि रिपोर्टची वाट न पाहता शिरेतून अँटिबायोटिक सुरू केलं. पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. डॉक्टर तरुण होती. ती यांना सांगू लागली, तेव्हा मी म्हटलं, "माझ्याशी बोला." ती माझ्याकडे वळली. "अशा वेळी साधा जंतूही जिवावर बेततो. सकाळपर्यंत थांबला असतात तर अवघड होतं."

बरेच दिवस मी तिथे होते. ताप उतरला, पेशी वाढल्या, तोंड बरं झालं. एका दुपारी हे स्टुलावर बसून रडले.

"वाचलं होतं मी सगळं. तुला घाबरवायचं नव्हतं गं. वाटलं, ताईला जास्त कळतं."

"आणि मला काहीच कळत नाही?"

मी त्यांची समजूत घातली नाही. आजारी मी होते.

पुढच्या केमोला मी सिस्टरला विचारलं, "कागद तुम्ही माझ्या हातात का दिला नाहीत?"

ती ओशाळली. "ताई, घरचेच सांगतात ना, पेशंटला काही सांगू नका म्हणून."

"मला विचारलंत?"

तिने खुर्ची ओढली, माझ्यासमोर बसली आणि सगळं पहिल्यापासून समजावलं. मी प्रश्न विचारले. त्या वेळी गोळ्या घड्याळ बघून घेतल्या. मळमळ झाली, पण उलटी एकदाच. तोंड आलं, पण पेज तरी गिळता आली.

उपचार संपले. केस परत आले, पूर्वीपेक्षा कुरळे. परवा एका लग्नात कुणीतरी तब्येतीची चौकशी केली. हे हसून म्हणाले, "छान निभावलं हिने. मध्ये जरासा ताप आला होता, एवढंच."

"जरासा नव्हता," मी पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "मी मरत होते, आणि काय करायचं ते यांना माहीत होतं."

वन्सं पानातली जिलबी चिवडत राहिल्या. वाढपी मठ्ठा घेऊन आला होता, तो तसाच पुढे गेला.