लिंबू सरबतातल्या दोन पुड्या

आमच्या घरात पदवी घेतलेली पहिली मीच, आणि हे मी कुणाला विसरू देत नाही. धडगावच्या रुग्णालयात नर्स होते तेव्हाची गोष्ट. रविवारी खात्याची परीक्षा आणि शनिवारपर्यंत रात्रपाळी. ड्युटी बदलून मागायची तर सिनियर सिस्टरपुढे पदर पसरायचा. ते मला जमणार नव्हतं.

धाकटा भाऊ तळोद्याला जिमला जातो. त्यानं क्रिएटिन पावडरचा डबा दिला. म्हणाला, दंडांसाठी आहे, पण जागरणातही डोकं चालतं. चार दिवस रोज चमचाभर घेतलं. मला वाटलं, डोकं कसं लख्ख झालंय.

हे मी औषध वाटणाऱ्या फार्मासिस्टभाऊंना ऐटीत सांगितलं. ते प्रकाशा गावचे, कुणाचंही सहज खरं न मानणारे. किडनीचा त्रास नाही ना, हे त्यांनी आधी विचारलं. मग म्हणाले, पेशींची खर्च झालेली ऊर्जा चटकन भरून काढायला क्रिएटिन मदत करतं, मेंदूतही. जागरणात थोडा फायदा दिसलेल्या चाचण्या आहेत, पण छोट्या, आणि काहींत एकाच वेळी बराच मोठा डोस दिलेला. रोजच्या चमच्यातलं मेंदूत फार हळू पोचतं. "चार दिवसांत लख्ख झालं म्हणता, तर बघूच."

त्यांनी दोन पुड्या बांधल्या. एकीत क्रिएटिन, दुसरीत पिठीसाखर. कुठलीत काय ते त्यांनाच ठाऊक. दोन रात्री एकेक पुडी गोड लिंबू सरबतात घालून प्यायची. सकाळी पुढच्या पाळीला चार्ज देऊन झाला की ते बारा औषधं डोससकट वाचणार आणि मी न बघता म्हणून दाखवणार.

पहिल्या सकाळी मी घडाघडा म्हटलं. दुसऱ्या सकाळी तर त्याहून जोरात. "बाराच्या बारा," मी म्हणाले. "आजची पुडी खरी होती. लिहून घ्या."

त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. "आठ शेतस, ताई. काल बी आठच व्हतात. आन् आजनी पुडी साखरनी व्हती."

मी कागद तीनदा वाचला. एका औषधाचा डोस मी दुप्पट सांगितला होता, तोही ठासून. मग त्यांनीच समजावलं, आधीचं चार दिवसांचं अंगात आहेच, शिवाय माणूस एक आणि सकाळी दोन. यावरून पावडरबद्दल काहीच ठरत नाही. पण माझी झोप झाली नव्हती, आणि मला ते कळतही नव्हतं, एवढं मात्र कागदावर होतं.

तशीच सिनियर सिस्टरकडे गेले आणि शनिवारची रात्र बदलून मागितली. त्यांनी रजिस्टरमधून मान वर केली.

"बी.एस्सी. व्हयी गई तरी झोप येस ना तुले?"

"येस, सिस्टर."

"मंग जाय. शनवारनी रात मी करसु."

शनिवारी नऊ तास झोपले. रविवारी सकाळी चमचाभर क्रिएटिनही घेतलं, घेत होतेच म्हणून. पेपर चांगला गेला. भाऊ आजही श्रेय डब्याला देतो. सिस्टरना मात्र मी साडी दिली.