संभाजीरावांचा चेहरा आणि शरयूची फ्री किक

शरयू माझी धाकटी बहीण. पहिला फुटबॉल तिला मीच घेऊन दिला, म्हणजे आज ती जे काही आहे त्यातलं निम्मं श्रेय माझं. आमच्या टोपी बाजारात कोणालाही विचारा. मी आठवी शिकलोय, पण माणूस ओळखतो.

त्या संध्याकाळी फ्री किक कोण मारणार, ते ठरायचं होतं. किक जमली तर शरयू संघात, नाहीतर बाकावर. बॉल मात्र संभाजीरावांनी दान केलेले. संभाजीराव दर्पण कॉलनीतले प्लॉटवाले. दान गुप्त राहू नये म्हणून त्यांनी प्रत्येक बॉलभर आपल्या फोटोचं गुळगुळीत प्लास्टिक चिकटवून घेतलं होतं. शिवणी पार बुजलेल्या. हसरे संभाजीराव, सगळ्या बाजूंनी.

समोर पोरींची भिंत उभी राहिली. शरयूनं बॉलच्या उजव्या अंगाला पायाची आतली बाजू घासून मारली. बॉल भिंतीच्या उजवीकडून गेला, थोडा डगमगला आणि वळायचं विसरून बाहेर गेला.

"दम नाही पायात," कोच जयसिंहराव म्हणाले. त्यांच्या मते सगळे रोग दम नसल्यानेच होतात.

"सर, दम नाही, शिवण नाही," शरयू म्हणाली. "मी मारल्यावर बॉल डावीकडे गिरकी घेतो. डावं अंग हवेबरोबर मागं पळतं, म्हणून तिथं हवा जास्त वेळ चिकटून राहते. उजवं अंग हवेच्या उलट जातं, तिथं ती लवकर सुटते. मागची हवा उजवीकडे फेकली जाते, आणि ती बॉलला डावीकडे ढकलते. असा वळतो तो. पण हवेला धरून ठेवायला शिवणींचा खडबडीतपणा लागतो. एकदम चिकणा बॉल कधी सरळ, कधी भलतीकडेच जातो."

"म्हणजे संभाजीरावांनी बॉल बिघडवला?"

"मी कुठं तसं म्हटलं? फक्त त्यांना बॉलवरून उतरवू द्या."

संभाजीराव शेजारीच खुर्चीत बसले होते. जयसिंहराव खोकले. मी लांबूनच ओरडलो, "उतरवू द्या सर, माझी बहीण आहे." त्यानंच काम झालं असणार. शरयूनं नखानं प्लास्टिकची कड उचलली आणि दात्याचा चेहरा कपाळापासून सोलून काढला. तिनं सोलीव बॉल ठेवला, तोच पाय, तेवढीच ताकद. बॉल उजवीकडून भिंतीबाहेर गेला, मग घरी निघालेल्या माणसासारखा डावीकडे वळून खांबाच्या आत घुसला. गोलकीपर पोरगी जागची हललीसुद्धा नाही.

संभाजीराव टाळ्या वाजवत म्हणाले, "कमाल आहे आमच्या बॉलची."

जयसिंहराव मात्र निकाल न सांगताच घरी निघून गेले. रात्री शरयू जेवलीही नाही नीट.

दुसऱ्या दिवशी सकाळी जयसिंहराव जाळीची पिशवी घेऊन आमच्या दारात उभे. आत सगळे हसरे संभाजीराव. म्हणाले, "शरयू, फ्री किक तुझी. पण आधी हे सगळे सोल. आणि तुझ्या दादांनाही बसव, काल फार ओरडत होते."


मी बसलो. नखं माझीही चांगली आहेत.