फोनमधून कार्डात गेलेला आवाज

लिंबायतमध्ये आमच्या गल्लीत दुपारी फोन वाजला तरी पुरुषमाणूस तो उचलत नाही. उचलून करणार काय? खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, शेकडो मशीनं एकदम चालतात. कानाला फोन लावला तरी समोरचा काय बोलतो ते कळत नाही. म्हणून आमच्याकडे नवरा-बायको बोलतात ते व्हॉट्सॲपवर आवाज पाठवून. चहाच्या सुट्टीत तो जिन्यात येतो, आपलं म्हणणं रेकॉर्ड करून पाठवतो, ही भांडी घासून झाल्यावर ऐकते, आणि हात पुसत उत्तर देते. असे संसार चाललेत, मी खोटं सांगत नाही. माझासुद्धा चाललाय.

माझे जेठ, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, असेच बोलायचे. खात्यात जन्म गेलेला, त्यामुळे जिन्यातसुद्धा ओरडूनच बोलायचे. "वांगं नको करू आज." "पोरीचा फोन आला का?" एवढंच. माझी जाऊ, मी तिला ताई म्हणते, शिकलेली नाही, अक्षर ओळखत नाही, पण चॅटमध्ये नवऱ्याचा फोटो बरोबर शोधायची आणि त्याच्या आवाजाचं बटण दाबायची. उन्हाळा संपता संपता जेठ खात्यातच छातीत कळ येऊन गेले. सकाळी घरून गेले ते चांगले गेले होते. त्यानंतर ताई घरातलं सगळं करायची, पण विचारल्याशिवाय बोलायची नाही. फोन मात्र कायम कमरेला खोचलेला.

दोन-अडीच महिन्यांनी तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. पोर हुशार आहे, कॉलेज केलंय, घरात मराठी बोलता बोलता गुजरातीत कधी शिरते तिलाही कळत नाही. पण डोक्याने तापट. आमच्या घराण्यात थंड डोक्याची बाई अजून यायची आहे, हे मी माझ्यासकट सांगते.

झालं असं की ताईचा फोन भरला. स्वस्तातला फोन, त्यात जागा ती केवढी. लेकीच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट जावयाने पाठवला, तो उतरेना. फोटो काढायला गेलं की जागा नाही म्हणून पाटी. पोरीने मेमरी कार्ड आणलं, सिमच्या शेजारच्या खाचेत घातलं आणि पलंगावर पाय पसरून कामाला लागली. कार्ड घातल्यावर फोनने विचारलं, हे फोनच्याच जागेत मिसळायचं की वेगळं ठेवायचं. तिने वेगळं ठेवलं. मिसळलं तर ते फक्त याच फोनमध्ये चालेल, दुसऱ्यात घातलं तर वाचता येणार नाही, असं तिने मला सांगितलं. मला पटलं.

मग तिने व्हॉट्सॲपच कार्डात न्यायचं बघितलं. सेटिंगमध्ये उलटीसुलटी शोधाशोध केली, तसं बटणच नाही. बँकेचं ॲप, तेही नाही. एखादा खेळबिळ जातो म्हणे कधी, तोही अर्धामुर्धा. "काकू, ॲप नथी जातं. फोटो, व्हिडिओ, गाणी, फाइली, एवढंच जातं," ती म्हणाली. मी साड्यांना टिकल्या चिकटवत होते, हात गोंदात. म्हटलं, "मग तेच ने ना बाई. ॲपच्या नादाला कशाला लागतेस?"

ती फाइली बघायला लागली. व्हॉट्सॲपच्या आवाजांचं फोल्डर उघडलं तर फाइलींना अंतच नाही. नुसते तारखेचे आकडे, कोणी पाठवलं त्याचं नाव नाही. ताईने पाठवलेले, जेठांचे, माझ्या नवऱ्याचे, कीर्तनाच्या ग्रुपचे, सगळे एकाच ढिगात. पोरीला वाटलं, एवढ्या फाइली आहेत म्हणजे सगळी जागा यांनीच खाल्ली. तिने ते फोल्डर उचलून कार्डात टाकलं. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. आबांचा, म्हणजे तिच्या वडिलांचा, आवाज कार्डात जपून राहील, फोन बिघडला तरी राहील, असंच तिच्या मनात होतं. कार्डातल्या त्या फाइली ती एकेक ऐकत बसली. मधे डोळे पुसत होती, मी बघितलं आणि बघितलं नाही असं केलं. ज्यांत माणसाचा आवाजच नाही, नुसती मशीनची खटखट आहे, खिशात चुकून दाबल्या गेलेल्या वाटतात, त्या तिने काढून टाकल्या. मग हळदीचे, लग्नाचे व्हिडिओ कार्डात भरले. फोन मोकळा झाला, रिपोर्ट उतरला. आम्ही तिघींनी तो बघितला. बाळाचं नाक आजोबांसारखं आहे यावर थोडा वाद झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई कणीक मळायला बसली, एक हात धुतला, फोन काढला, बटण दाबलं. काही वाजलं नाही. परत दाबलं. दुसरं दाबलं, तिसरं दाबलं. फोन दरवेळी सांगत होता की ही फाइल फोनमध्ये नाही. तिला ते वाचता येत नव्हतं. ती नुसती दाबत गेली, वर वर सरकवत जुन्यात जुनं दाबत गेली. मग कणकेची परात तशीच ठेवून माझ्या दारात आली. तोंडाचा रंग गेलेला. "काय व्हयनं वं? ते बोलत नहीत."

मी पोरीला हाक मारली ती हाक चौथ्या घरापर्यंत गेली असेल. पोर धावत आली, फोन हातात घेऊन बघितला. फाइल हलवली की चॅटमधलं बटण तिच्यामागे कार्डात जात नाही, ते जुन्याच जागी शोधतं, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. मी तिला नाही नाही ते बोलले. गरोदर पोर आहे हेसुद्धा मी विसरले.

पोरीने रडत रडत ते अख्खं फोल्डर परत फोनमध्ये त्याच जागी नेऊन ठेवलं. आणि तेव्हा कळलं की एवढ्या वर्षांचे सगळे आवाज मिळून हळदीच्या एका व्हिडिओएवढेही वजनाचे नव्हते. फाइली पुष्कळ, पण चिमूटभर चिमूटभर. ते हलवायची गरजच नव्हती. पोरीने कपाळावर हात मारला. पण चॅट उघडलं तर जेठ बोलायला लागले. "वांगं नको करू आज." मला हसू आलं आणि रडूही आलं. म्हटलं, चला, निभावलं.

ताईने मात्र फोन हातात घेतला आणि सरळ खाली, शेवटच्या बटणावर बोट ठेवलं. ते वाजलं नाही.

"हाऊ कोठे गया?" हा आवाज कुठे गेला, असं तिने विचारलं.

पोरीने तारीख बघितली. जेठ गेले त्या दिवसाची सकाळ. चार-पाच सेकंदांचा आवाज. पोरीने माझ्याकडे बघितलं तेव्हाच मला समजलं. आदल्या दिवशी काढून टाकलेल्यांतला तो एक होता. "आई, त्यात काहीच नव्हतं," ती म्हणाली. "नुसती लूमची खटखट. आबांच्या हाताने चुकून दाबलं गेलं असेल."

मग ताईने सांगितलं. जेठांचं खातं आधी गल्लीमागेच होतं, पुढे ते कामरेजकडे हलवलं. हायवेवरून गाडी चालवत जायचं, ट्रक अंगावर येतात, हिच्या जिवाला घोर. पाळी सुरू झाली की बाहेर येऊन बोलू देत नाहीत. म्हणून मशीन सुरू केलं की जेठ फोन खिशातून जरासा वर ओढून, बटण दाबून तेवढी खटखट पाठवायचे. खटखट आली म्हणजे माणूस पोचला. रोज सकाळी ती कणीक मळायची ती तो आवाज येईपर्यंत. त्या दिवशीही आवाज आला होता, आणि ती निर्धास्त झाली होती. ते गेल्यापासून रोज सकाळी ती तोच ऐकत होती. इतके महिने आम्ही दाराला दार लावून राहतो, मला याचा पत्ता नव्हता.

पोर कार्ड घेऊन पर्वत पाटियाच्या बाजारात गेली, त्या अवघडलेल्या पोटाने, मी बरोबर. तिथल्या दुरुस्तीवाल्याने कार्ड लावून पुष्कळ वेळ शोधलं. काढून टाकलेली फाइल कधी कधी परत सापडते, तो म्हणाला, पण तिच्या जागेवर दुसरं काही भरलं की संपलं. आणि भरलं होतंच, अख्खं लग्न. रिक्षात पोर बाहेर बघत बसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तिने तो काढला नाही.

घरी आल्यावर तिने चिडून चॅटमधलं ते शेवटचं बटण पुन्हा दाबलं. फोन आवाज परत उतरवायला बघत होता, जमेना. पाटी आली. ताईने विचारलं, "काय म्हणस?" पोरीने वाचून फोन माझ्याकडे सरकवला. मी फोन घेतला. लिहिलं होतं, पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा. मी ते मोठ्याने वाचलं आणि मग वाचल्याचा पश्चात्ताप झाला.

आणि त्याच क्षणी मला आठवलं की पाठवणाऱ्याचा फोन माझ्या कपाटात आहे. जेठांचा नंबर बँकेला आणि फंडाला जोडलेला, ओटीपी येतात, म्हणून माझ्या नवऱ्याने त्यात रिचार्ज चालू ठेवला होता. जो आवाज पाठवतो त्याच्या फोनमध्येही तो राहतो. तो फोन कोणी साफ केला नव्हता, त्याला कोणी कार्ड घातलं नव्हतं. मी धावत जाऊन आणला, चार्जिंगला लावला. चालू व्हायला त्याने जीव खाल्ला. पोरीने चॅट उघडलं. ताईचं नाव वर, आणि तळाशी ती सकाळ. पोरीने दाबलं, आणि खोलीभर खटखट झाली.

ताई उभी होती ती भिंतीला टेकून खाली बसली. पोरीचा चेहरा उजळला. तिने त्या आवाजावर बोट दाबून धरलं, पुढे पाठवायचा बाण आला. "आई, हे बघ, इथून पाठवते. तुझ्या फोनवर येईल, आबांच्याच नावाने, आबांच्या फोटोसकट. अगदी पहिल्यासारखं."

ताईने तिचं मनगट धरलं. घट्ट धरलं असणार, कारण पोर कळवळली.

"नको धाडू माय," ती म्हणाली. "आज आवाज उना ना, ते मंग मी रोज वाट देखसू."

पोरीने बाण सोडून दिला. ताईने जेठांचा फोन तिच्या हातातून घेतला, वायरसकट कानाला लावला, आणि आवाज कसा सुरू करायचा ते विचारलं.