दशरथाची दुसरी बाटली

घाटकोपरच्या चाळीतला दशरथ परब कारखान्यात फिटर. लग्नाला आठ वर्षं होऊन घर रिकामं, म्हणून आईनं गावाकडं दुसरी मुलगी बघितली. महिनाअखेरीस होकार कळवायचा होता.

त्याची बायको जानकी तीन महिने रोज सकाळी उठण्याआधी तोंडात थर्मामीटर धरून आकडा लिहीत होती. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला. "महिन्याच्या मध्यावर आकडा चढतो नि पाळीपर्यंत खाली येत नाही. बीज सुटतंय हिचं. आता यजमानांचं तपासू."

दशरथानं वीर्याच्या नमुन्याची बाटली फिनेलनं घासून नेली. प्रयोगशाळेतला तपासनीस म्हणाला, "शुक्रजंतू सगळे मेलेत, पण तुमच्या फिनेलनं. चार दिवस बायकोपासून दूर राहा, मग कोरड्या बाटलीत नमुना घेऊन तासाभरात आणा."

दुसऱ्या खेपेला भिंगाखाली मोजलं. संख्या फार कमी, हलणारे थोडे, बरेच वेडेवाकडे. बाई म्हणाल्या, "महिन्यानं पुन्हा बघू, पण अडचण इकडे दिसते."

घरी आईनं विचारलं, "होकार कळवू मां?"

"नको गे आये. खोट माझ्यात आसा."

आईनं दाराची कडी लावून घेतली. मग म्हणाली, "गावात बोलू नको हां."

चुलीपुढून जानकी म्हणाली, "आठ वर्सां वांझ म्हणान मी ऐकलंय. आता गावाक गेल्यार मीच सांगतलंय, खोट कोणात ती."

दशरथानं तिला अडवलं नाही.